सोने मोडण्याआधी तारीख बघा: दागिना, ईटीएफ आणि गोल्ड फंड यांच्या नफ्यावर कर कसा बदलतो

9 एप्रिल 2024. गुढीपाडवा. माझ्या मावसभावाच्या घरी त्या दिवशी दोन खरेद्या झाल्या. वहिनीने सराफाकडून पाच तोळ्यांची, म्हणजे 50 ग्रॅमची, चोवीस कॅरेटची वेढणी घेतली. भावाने तेवढ्याच सोन्याच्या किमतीचे गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात विकत मिळणारे सोन्याचे युनिट, डीमॅट खात्यात घेतले. दिवस एक, भाव एक. दीड वर्षाने मुलाच्या फीसाठी पैसे लागले तेव्हा प्रश्न आला, आधी काय विकायचे? वहिनी म्हणाली, "सोने ते सोनेच, वर्ष उलटून गेलंय, दोन्हीवर सारखाच कर लागेल." तसे नव्हते, आणि फरक हजारोंचा होता.

हा लेख पहिल्यांदाच सोने विकणाऱ्यांसाठी आहे. हिशेब आर्थिक वर्ष 2025-26 चे, म्हणजे 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 या काळातल्या विक्रीचे आहेत, आणि कर नव्या करप्रणालीने धरला आहे. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला तरी सोन्याच्या मुदती आणि 12.5 टक्क्यांचा दर तोच राहिला आहे. भाव मी हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत.

पहिली पायरी: तुमच्याकडे नेमके कोणते सोने आहे ते ओळखा

आयकराच्या दृष्टीने सोने विकून झालेला नफा हा भांडवली नफा. तो अल्पमुदतीचा की दीर्घमुदतीचा, हे तुम्ही सोने किती दिवस बाळगले त्यावर ठरते, आणि त्यावरूनच कराचा दर ठरतो. ही मुदत सगळ्या सोन्याला सारखी नाही. गोंधळ होतो तो इथेच.

हातात धरता येते ते सोने, म्हणजे दागिने, नाणी, वेढणी, बिस्किटे, यांना 24 महिन्यांहून अधिक काळ लागतो. मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून शंभर-दोनशे रुपयांचे जे डिजिटल सोने घेतले जाते, ते दिसायला कागदी वाटले तरी शेअर बाजारात नोंदलेले नसते. त्यालाही 24 महिनेच धरायचे.

गोल्ड ईटीएफ शेअर बाजारात नोंदलेले असतात, म्हणून त्यांना 12 महिन्यांहून अधिक काळ पुरतो.

गोल्ड म्युच्युअल फंड मात्र बहुतेकांना चकवतो. हा फंड तुमचे पैसे घेऊन पुढे गोल्ड ईटीएफच विकत घेतो. आत सोने तेच असते. पण तुमच्या हातात येणारे फंडाचे युनिट स्वतः बाजारात नोंदलेले नसतात, त्यामुळे त्यांना पुन्हा 24 महिने. ओळखायचे कसे? युनिट डीमॅटमध्ये असतील आणि शेअरसारखी ऑर्डर टाकून, दलालाच्या काँट्रॅक्ट नोटवर घेतले असतील तर तो ईटीएफ. फंड कंपनीच्या फोलिओ नंबरवर, एसआयपीने किंवा एकरकमी घेतले असतील तर तो फंड. स्टेटमेंटवर योजनेच्या नावात Fund of Fund किंवा FoF हे शब्द दिसले की खात्री पटते. काही जणांचे फंडाचे युनिटही डीमॅटमध्ये असतात. म्हणून नुसते खाते बघून ठरवू नका, योजनेचे नाव वाचा.

मुदत ओलांडली तर नफा दीर्घमुदतीचा, त्यावर सरळ 12.5 टक्के आणि त्या करावर 4 टक्के उपकर, मिळून 13 टक्के. मुदत ओलांडली नसेल तर नफा तुमच्या बाकीच्या उत्पन्नात मिसळतो आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे, म्हणजे उत्पन्नाच्या टप्प्याच्या दराने, कर लागतो. महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून घेण्याची जुनी सोय सोन्याला आता नाही. 23 जुलै 2024 पासून ती गेली, आणि त्याच दिवशी प्रत्यक्ष सोन्याची मुदत 36 महिन्यांवरून 24 वर आली.

इंटरनेटवर शोधलेत तर काही ठिकाणी असेही वाचायला मिळेल की गोल्ड ईटीएफवर कितीही वर्षे ठेवले तरी स्लॅबनेच कर लागतो. ते मधल्या काळापुरते खरे होते. 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेले ईटीएफ आणि गोल्ड फंड 31 मार्च 2025 पर्यंत विकले असतील, तर त्यांना तोच नियम लागला. 1 एप्रिल 2025 पासूनच्या विक्रीला तो लागत नाही. खरेदी त्या मधल्या काळातली असली तरीही नाही. वाचत असलेल्या लेखाची तारीख आधी बघा.

दुसरी पायरी: खरेदीची खरी तारीख आणि खरी किंमत काढा

दागिन्याची तारीख म्हणजे सराफाच्या बिलावरची तारीख. ईटीएफची तारीख म्हणजे काँट्रॅक्ट नोटवरची सौद्याची तारीख. युनिट खात्यात दुसऱ्या दिवशी जमा झाले तरी सौदा झाला तो दिवसच मोजायचा. फंडाची तारीख म्हणजे युनिट ज्या दिवशीच्या भावाने मिळाले तो दिवस.

एसआयपी करणाऱ्यांनी इथे थांबून नीट बघावे. प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी आहे आणि प्रत्येक हप्त्याचे 24 महिने वेगळे मोजले जातात. समजा जानेवारी 2024 पासून दर महिन्याच्या 5 तारखेला गोल्ड फंडात हप्ता जातो आहे, आणि 20 मार्च 2026 ला तुम्ही सगळे पैसे काढले. "दोन वर्षे झाली की" असे मनाशी म्हणत. एकूण 27 हप्ते झाले. त्यातले 24 महिने ओलांडलेले फक्त तीन: जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च 2024 चे. बाकीचे 24 हप्ते अल्पमुदतीचेच, आणि त्यांच्या नफ्यावर स्लॅबचा कर. थोडेच युनिट काढले असते तर सर्वांत जुने आधी विकले असे धरले जाते. तुम्हाला हवे ते निवडता येत नाहीत. डीमॅटमधल्या ईटीएफलाही हाच क्रम आहे: आधी आले ते आधी गेले.

दागिन्यांचे तसे नाही. कोणती बांगडी विकली ते बिल आणि वजन जुळवून दाखवता येते. म्हणून कपाटात एक जुनी आणि एक नवी अशा दोन सारख्या साखळ्या असतील, तर जुनीच विकावी आणि जुने बिलच जोडावे.

किमतीत काय धरायचे? तुम्ही बिलावर भरलेली पूर्ण रक्कम. सोन्याचा भाव, घडणावळ, जीएसटी, सगळे. हे मुद्दाम सांगतो, कारण दागिना मोडताना सराफ घडणावळीचा एक रुपयाही परत देत नाही, आणि लोक आपल्याच हिशेबातूनही ती वगळून टाकतात. मग नफा उगाच मोठा दिसतो. विक्रीच्या बाजूला उलट धरायचे: सराफाने तूट आणि कपात काढून प्रत्यक्ष जी रक्कम दिली ती.

तिसरी पायरी: महिने मोजा आणि काठावर विकू नका

कायदा "24 महिने" म्हणत नाही, "24 महिन्यांहून अधिक" म्हणतो. 9 एप्रिल 2024 ला घेतलेली वेढणी 9 एप्रिल 2026 ला विकली तर चालेल का, हा वाद घालण्यात अर्थ नाही. चार-आठ दिवस जाऊ द्यावेत. त्या आठ दिवसांत भाव हलेल तो हलेल, पण नंतर नोटीस आल्यावर एका दिवसावरून भांडत बसावे लागत नाही.

आता भाऊ-वहिनीचा हिशेब

दोघेही पुण्यात नोकरीला, दोघांचेही करपात्र उत्पन्न 24 लाखांच्या वर. म्हणजे वरच्या प्रत्येक रुपयावर 30 टक्के कर. विकायचा दिवस 20 नोव्हेंबर 2025, खरेदीला 19 महिने झालेले. खरेदीचा भाव ग्रॅमला 7,200 आणि विक्रीचा 12,000 धरू.

भावाचे ईटीएफ 3,60,000 रुपयांना घेतलेले, 6,00,000 ला विकले जाणार. दलाली किरकोळ, ती सोडून देऊ. नफा 2,40,000. बारा महिने कधीच उलटलेत, म्हणून 12.5 टक्के: 30,000 रुपये. उपकर 1,200. एकूण कर 31,200.

वहिनीच्या वेढणीला सोन्याचे 3,60,000 आणि 3 टक्के जीएसटीचे 10,800 मिळून 3,70,800 पडले होते. विकताना सराफाने 2 टक्के कपात केली, म्हणून हातात 5,88,000. नफा 2,17,200. नफा भावापेक्षा कमी आहे, हे लक्षात घ्या. पण 19 महिने म्हणजे 24 च्या आत, म्हणून 30 टक्के: 65,160 आणि उपकर 2,606. एकूण कर 67,766 रुपये.

कमी नफ्यावर दुप्पटीहून जास्त कर. कारण फक्त कपाट आणि डीमॅट.

आम्ही तिघांनी कागदावर पुढचा हिशेब केला. वहिनी साडेचार-पाच महिने थांबली आणि 9 एप्रिल 2026 उलटल्यावर विकली, आणि भाव तोच राहिला, तर कर 27,150 अधिक उपकर 1,086, म्हणजे 28,236. वाचले 39,530 रुपये. पण भाव पडला तर? हा प्रश्न वहिनीनेच विचारला, आणि तो बरोबर होता. कर वाचवायला थांबायचे आणि सोन्याने मार खायचा, यात शहाणपण नाही. म्हणून उलटे मोजले. आज विकून कर भरल्यावर तिच्या हातात 5,20,234 उरत होते. थांबून विकल्यावर तेवढेच उरायला विक्रीची रक्कम किती हवी? गणित 5,42,563 वर थांबले. म्हणजे 5,88,000 वरून सुमारे 7.7 टक्क्यांनी रक्कम घसरली तरी ती आजच्या इतकीच राहते. भाव ग्रॅमला 12,000 वरून साधारण 11,070 पर्यंत आला तरी तोटा नाही. त्याखाली गेला तरच थांबणे महागात पडले असते.

हे गणित तुम्हीही करू शकता. सूत्र असे:

```
आज हातात = विक्री − (नफा × स्लॅबचा दर × 1.04)
लागणारी रक्कम = (आज हातात − 0.13 × खरेदी) ÷ 0.87
```

दुसऱ्या ओळीचे उत्तर आजच्या विक्री रकमेपेक्षा जितके कमी, तितकी घसरण तुम्ही सोसू शकता. मुदत संपायला दोन महिने असतील आणि जागा 7 टक्क्यांची असेल तर मी थांबेन. वीस महिने बाकी असतील तर तेवढ्या काळात सोने 7 टक्के सहज हलते. तेव्हा कराकडे बघून नाही, गरजेकडे बघून ठरवावे.

त्यांनी काय केले? फीसाठी भावाचे ईटीएफ विकले, वेढणी कपाटात राहिली. घरात दोन्ही प्रकारचे सोने असेल, तर 12 ते 24 महिन्यांच्या मधल्या काळात आधी ईटीएफ विकावेत. हीच वेळ असते जेव्हा एकाची मुदत भरलेली असते आणि दुसऱ्याची नाही. बारा महिन्यांच्या आत दोन्ही अल्पमुदतीचे, चोवीसनंतर दोन्ही दीर्घमुदतीचे. मग कराच्या नियमात फरकच उरत नाही.

थांबल्याने कर वाढतो तेव्हा

"जास्त दिवस ठेवा, कमी कर भरा" हे प्रत्येक ठिकाणी वाचायला मिळते. 24 लाखांवर कमावणाऱ्याला ते लागू पडते. पण माझ्याकडे कागद घेऊन येणारे निम्मे लोक तेवढे कमावत नाहीत, आणि त्यांच्यासाठी हा सल्ला कधी कधी उलटा पडतो.

नव्या प्रणालीत एकूण उत्पन्न 12 लाखांपर्यंत असले तर रिबेटमुळे स्लॅबचा सगळा कर माफ होतो. पण हा रिबेट फक्त स्लॅबने लागणाऱ्या कराला आहे. 12.5 टक्क्यांसारख्या वेगळ्या दराने लागणाऱ्या कराला तो मिळत नाही. याचा परिणाम बघा. एका तरुण शिक्षकाचे करपात्र उत्पन्न 7 लाख. त्याने वर्षभरापूर्वी घेतलेली साखळी विकली, नफा 2 लाख. अल्पमुदतीचा, म्हणून उत्पन्नात मिसळला. एकूण 9 लाख, कर शून्य. हाच नफा दीर्घमुदतीचा असता, तर 2 लाखांवर 25,000 आणि उपकर 1,000. एकूण 26,000 रुपये, आणि रिबेटची मदत नाही.

म्हणून एकूण उत्पन्न, सोन्याचा नफा धरून, 12 लाखांच्या आत राहत असेल आणि पैशाची गरज असेल, तर केवळ कर वाचेल म्हणून 24 महिने पूर्ण होण्याची वाट बघू नका. जुन्या प्रणालीने रिटर्न भरणाऱ्यांचा हिशेब वेगळा येतो, त्यांनी हे जसेच्या तसे उचलू नये. परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांसाठीही एक वाक्य: अनिवासी व्यक्तीला हा रिबेट नाही, आणि पुढे पाटल्यांच्या हिशेबात येणारी रिकाम्या करमुक्त जागेची सोयही नाही.

आजीच्या पाटल्या

आईने, आजीने दिलेले सोने विकताना बहुतेकांना वाटते की आपल्याला मिळाले तो दिवस ही खरेदीची तारीख. तसे नाही. वारशाने, मृत्युपत्राने किंवा नातेवाइकाकडून भेट म्हणून आलेल्या सोन्यात आधीच्या मालकाचा काळही मोजला जातो, आणि किंमतही त्याचीच धरली जाते. आजीने 1985 ला केलेल्या पाटल्या तुम्हाला गेल्या महिन्यात मिळाल्या आणि आज विकल्या, तरी नफा दीर्घमुदतीचाच. 1 एप्रिल 2001 च्या आधीची खरेदी असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरण्याची मुभा आहे. तो नोंदणीकृत मूल्यांककाकडून लेखी घ्यावा. त्याच अहवालात वजन आणि शुद्धताही येते, आणि बिल नसलेल्या सोन्याला तोच मोठा आधार ठरतो. सोबत मृत्युपत्राची प्रत, आणि पाटल्या हातात दिसतात असा जुना फोटो असेल तर तोही ठेवावा.

आमच्या ओळखीच्या एका आजोबांच्या पश्चात त्यांच्या पत्नीने सासूबाईंच्या पाटल्यांचा जोड विकायला काढला. 40 ग्रॅम, बावीस कॅरेट. 2001 चा भाव धरून किंमत 15,600 निघाली, विक्रीचे हातात येणार होते 4,20,000. नफा 4,04,400. त्यांची करपात्र पेन्शन 2,50,000. नव्या प्रणालीत पहिले 4 लाख करमुक्त, म्हणजे 1,50,000 ची जागा रिकामी. निवासी व्यक्तीला ही रिकामी जागा दीर्घमुदतीच्या नफ्याने भरता येते. उरलेल्या 2,54,400 वर 12.5 टक्के आणि उपकर मिळून 33,072 रुपये कर.

पाटल्या दोन होत्या. एक मार्चमध्ये विकली आणि दुसरी एप्रिलमध्ये, म्हणजे दोन आर्थिक वर्षांत. प्रत्येक वर्षी नफा 2,02,200, त्यातून 1,50,000 करमुक्त जागेत गेले, उरले 52,200. त्यावर वर्षाला 6,786. दोन्ही वर्षे मिळून 13,572. काही आठवड्यांच्या अंतराने 19,500 रुपये वाचले. मुदत भरलेल्या सोन्याच्या बाबतीतही तारीख अशी कामाला येते.

मोड देऊन नवा दागिना घेतलात तर

हे सगळ्यात जास्त विसरले जाते. जुन्या बांगड्या काट्यावर ठेवल्या, सराफाने मोडीचा भाव लावला, आणि त्या रकमेत वरचे पैसे घालून नवे तोडे घेतले. रोख रक्कम हातात आलीच नाही, म्हणून लोक समजतात की विक्रीच झाली नाही. कायद्याने अदलाबदल हीही विक्रीच. मोडीची जी रक्कम बिलात वजा दाखवली, ती तुमची विक्री किंमत, आणि जुन्या बांगड्यांच्या तारखेप्रमाणे नफ्यावर कर. शिवाय नव्या तोड्यांचे 24 महिने नव्या बिलापासून सुरू होतात. जुन्या बांगड्यांची दहा वर्षे त्यांना मिळत नाहीत.

याउलट, तुमचेच सोने आटवून सोनाराने तुमचाच नवा दागिना घडवला आणि तुम्ही फक्त मजुरी दिली, तर सोन्याची मालकी बदलली नाही. तेव्हा बिलावर फक्त मजुरी आणि तुम्ही दिलेल्या सोन्याचे वजन लिहून घ्या. पेढीवर घाईत "जुने सोने वजा" असे लिहिले गेले, तर कागदावर ती अदलाबदल ठरते.

सुवर्ण रोखे ज्यांच्याकडे आहेत

फेब्रुवारी 2024 नंतर सरकारने नवे सार्वभौम सुवर्ण रोखे काढलेले नाहीत, पण जुने अनेकांकडे आहेत. ते सरकारकडून थेट घेतले असतील आणि 8 वर्षांची मुदत पूर्ण होईपर्यंत ठेवले, तर मुदतीअखेर मिळणाऱ्या नफ्यावर व्यक्तीला कर नाही. शेअर बाजारात मधेच विकले तर ईटीएफसारखे: 12 महिन्यांहून अधिक काळाला 12.5 टक्के, आत असेल तर स्लॅब. बाजारात दुसऱ्याकडून घेतलेल्या रोख्यांना मुदतीअखेरची माफी गृहीत धरू नका. दरवर्षीचे 2.5 टक्के व्याज कितीही ठेवले तरी करपात्रच आहे.

विकताना आणि विकल्यावर

पैसे बँकेतूनच घ्या. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे कायद्याने मना आहे, आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, बसतो. सराफाकडून खरेदी पावती मागा, तिच्यावर तुमचे नाव, वजन, शुद्धता, कपात आणि तारीख हवी. विक्रीची तारीख सिद्ध करणारा कागद तोच.

उगमस्थानी कापलेला कर वजा करून 10,000 किंवा अधिक कर उरत असेल, तर तो आगाऊ कराच्या पुढच्या तारखेला भरा: 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर, 15 मार्च. 15 मार्चनंतर विकले असेल तर 31 मार्चपर्यंत. नाहीतर व्याज लागते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या 60 वर्षांवरील निवासी व्यक्तीला आगाऊ कर भरावा लागत नाही.

रिटर्न भरताना पगारदारांनी आयटीआर-1 उघडू नये. सोन्याचा नफा त्यात बसत नाही, आयटीआर-2 लागतो. ईटीएफ विकणाऱ्यांची एक ठरलेली चूक इथे दिसते. ईटीएफ शेअरसारखेच विकले जातात, म्हणून ते शेअरच्या रकान्यात टाकतात आणि 1,25,000 रुपयांची करमुक्त सूट घेतात. ती सूट शेअर आणि इक्विटी फंडांसाठी आहे, सोन्याच्या ईटीएफला नाही. अल्पमुदतीचा शेअरचा 20 टक्के दरही इथे नाही, इथे स्लॅब. आयकराच्या पोर्टलवर AIS मध्ये, म्हणजे तुमच्या व्यवहारांच्या वार्षिक माहितीपत्रकात, ईटीएफची विक्री दिसते, तेव्हा आकडे त्याच्याशी जुळवून बघा. दागिन्याची विक्री तिथे दिसली नाही तरी रिटर्नमध्ये ती दाखवायचीच असते.

तोटा झाला असेल तर तोही दाखवा, आणि रिटर्न मुदतीत भरा, तरच तो पुढे 8 वर्षे ओढता येतो. अल्पमुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, दीर्घमुदतीचा फक्त दीर्घमुदतीच्या नफ्यातून.

आणि आज नवे सोने घेत असाल तर घरी आल्याबरोबर बिलाचा फोटो काढा. पेढीवरचे छापील बिल बऱ्याचदा त्या चकचकीत थर्मल कागदावर असते. वहिनीचे बिल वेढणीच्या डबीत, कपाटाच्या वरच्या फळीवर होते. 19 महिन्यांनी उघडले तेव्हा वजन वाचता येत होते, रक्कम पुसट होती आणि तारखेच्या जागी फक्त करडी रेघ उरली होती. गुढीपाडव्याची तारीख सापडली ती बँकेच्या स्टेटमेंटमध्ये, कार्डाने भरलेल्या 3,70,800 रुपयांच्या नोंदीसमोर.